रीलचा कार्पेट एरिया

उभ्या व्हिडिओची चौकट १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असते, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. ते खोटं नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकातला सुपर बिल्टअपचा आकडाही खोटा नसतो. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि गच्चीवरची पाण्याची टाकी धरलेली असते, एवढंच. रीलचंही तसंच आहे. वरच्या बाजूला अ‍ॅपची चिन्हं, उजवीकडे बटणांची उतरंड, खाली खात्याचं नाव, त्याखाली पोस्टचा मजकूर, त्याखाली गाण्याची सरकती पट्टी. हे सगळं वजा जाता जे उरेल त्यात आपण आपलं शीर्षक मांडायचं आणि गुण्यागोविंदानं नांदायचं.

जागा कमी आहे याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कमी जागेची मला सवय आहे. म्हणणं असं आहे की काम करताना या भिंती दिसतच नाहीत. एडिटिंगच्या पडद्यावर सगळं मैदान मोकळं असतं. शेवटची ओळ तुम्ही हौसेनं तळाशी टाकता, तिला पिवळा रंग देता, बारीक काळी कडा देता. व्हिडिओ अपलोड होतो आणि त्या ओळीवर कुणाचं तरी नाव, तीन टिंबं आणि ‘अधिक’ असा शब्द येऊन बसतो.

अ‍ॅपवाल्यांनी हे लपवून ठेवलेलं नाही, हेही मान्य करायला हवं. मेटानं रीलमधल्या जाहिरातींसाठी शिफारसच दिली आहे: वरचे सुमारे १४ टक्के, खालचे सुमारे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मोकळे सोडा, तिथे मजकूर, लोगो वगैरे ठेवू नका. ही वजाबाकी एकदा कागदावर करून पाहण्यासारखी आहे. वरून साधारण २७० पिक्सेल गेले, खालून ६७० गेले, बाजूंचे ६५-६५ गेले. हातात राहिला ९५० रुंद आणि ९८० उंच असा तुकडा. म्हणजे फोन उभा धरा, उभं शूटिंग करा, उभ्याचाच जमाना आहे, असं दहा वर्षं ऐकवल्यानंतर आपल्या वाट्याला आला तो चौरस. क्षेत्रफळ काढलं तर एकूण चौकटीच्या ४५ टक्क्यांच्या आसपास. एवढा कमी कार्पेट दाखवायला पुण्यातला बिल्डरही बिचकेल.

खालचे ३५ टक्के ऐकून लोकांना वाटतं, हा जाहिरातवाल्यांचा बागुलबुवा आहे. जाहिरातीखाली ‘खरेदी करा’चं एक बटण जास्तीचं येतं, म्हणून आकडा थोडा सढळ आहे, हे खरं. पण साध्या रीललाही तळाची गर्दी चुकत नाही. तुम्ही गाणं लावलंत की त्याची एक ओळ येते. ठिकाण टाकलंत की दुसरी. सशुल्क भागीदारी असेल तर तसं सांगणारी तिसरी. आपण जितकी माहिती भरतो तितका खालचा मजला वर चढतो आणि आपल्याच शीर्षकाला जिना चढायला लावतो.

आता प्रत्यक्ष प्रकरण सांगतो. आमच्या ओळखीच्या एक काकू घरी लोणची करतात. कैरी, लिंबू, मिरची, आणि हंगामात करवंद. लोणचं उत्तम असतं. विक्री वाढावी म्हणून त्यांच्या भाच्यानं रील केलं. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. रीलच्या शेवटी काकू हातात बरणी धरून उभ्या आहेत आणि एकाखाली एक तीन ओळी उमटतात. डावीकडे पांढऱ्या अक्षरांत ‘व्हिनेगर’, ‘कृत्रिम रंग’, ‘प्रिझर्व्हेटिव्ह’. उजवीकडे, दुकानाच्या दरपत्रकात किंमत लिहितात तशी सरळ रांग लावून, लाल अक्षरांत ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’.

रील लागलं. पहिल्या ‘नाही’वर बदामाचं बटण बसलं, दुसऱ्यावर प्रतिक्रियांचा फुगा, तिसऱ्यावर कागदी विमान. लोकांना दिसलं ते असं: काकू हसतमुखानं बरणी पुढे करताहेत आणि शेजारी लिहिलंय, ‘व्हिनेगर, कृत्रिम रंग, प्रिझर्व्हेटिव्ह’.

प्रतिक्रिया चांगल्या आल्या. एका बाईंनी लिहिलं, ‘निदान सांगताय तरी, बाकीचे लपवतात.’ एका गृहस्थांनी प्रमाण विचारलं.

काकूंचा मला फोन आला. ‘अरे, तू या व्हिडिओच्या धंद्यातला ना? मग जरा बघ. भाचा म्हणतो, त्याच्या फोनवर सगळं नीट दिसतंय.’

आणि त्याच्या फोनवर ते खरंच नीट दिसत होतं. माझी दुसरी तक्रार इथून सुरू होते.

भाच्यानं हलगर्जीपणा केलेला नव्हता. उलट, अडोबी प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेफ मार्जिन’ नावाचं एक बटण असतं, ते त्यानं मनोभावे लावलं होतं. ते दाबलं की पडद्यावर एकात एक दोन चौकटी उमटतात. आतली चौकट मजकुरासाठी. आपण काही बदललं नाही तर ती चारही कडांपासून १०-१० टक्के आत असते. १०८० रुंदीत १० टक्के म्हणजे १०८ पिक्सेल, १९२० उंचीत १९२. भाच्यानं तिन्ही ‘नाही’ उजव्या रेषेला अगदी टेकवून बसवले होते. रेषेच्या बाहेर एक वेलांटीसुद्धा नव्हती.

पण ही चौकट फोनची नाहीच. ती जुन्या, पोटावर फुगलेल्या काचेच्या टीव्हीची आहे. त्या टीव्हीत चित्र पडद्यापेक्षा जरा मोठंच फेकलं जायचं, म्हणजे कडेला काळी पट्टी दिसू नये. त्यामुळे चित्राच्या कडा पडद्याच्या लाकडी चौकटीमागे जायच्या, आणि किती जातील ते त्या त्या सेटवर अवलंबून असायचं. म्हणून अमेरिकेतल्या सिनेमा आणि टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेनं, एसएमपीटीईनं, ठरवून दिलं की हालचाल मधल्या ९० टक्क्यांत ठेवा आणि अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत. पुढे सपाट टीव्ही आले, कडा कमी कापल्या जाऊ लागल्या, तेव्हा २००९ साली हे आकडे सैल करून ९३ आणि ९० केले गेले. टीव्ही कापायचाच, पण चारही बाजूंनी सारखं कापायचा. त्यात एक सभ्यता होती.

फोनचं अ‍ॅप एकाच बाजूला कलतं. वर थोडं, खाली खूप, उजवीकडे बटणं, डावीकडे जवळजवळ काही नाही. भाच्याची सॉफ्टवेअरमधली रेषा तळापासून १९२ पिक्सेलवर ‘इथपर्यंत बिनधास्त लिहा’ म्हणत होती, आणि वरची शिफारस म्हणत होती की ६७० सोडा. या दोन रेषांमध्ये जवळपास ४८० पिक्सेलचा पट्टा आहे. मराठीतले कित्येक चांगले समारोप त्या पट्ट्यात गाडले गेले आहेत.

मग भाच्याच्या फोनवर ‘नाही’ दिसत होतं ते कसं? त्याचा फोन जुना, १६:९ चा. म्हणजे रीलच्या नेमक्या मापाचा. तिथे उजवी रेषा कडेपासून आत होती आणि कडेच्या मोकळ्या पट्टीत बटणं मावत होती. काकूंचा फोन नवा, २०:९ चा, उंच आणि सडपातळ. अशा फोनवर अ‍ॅपसमोर दोन पर्याय असतात: वरखाली काळी पट्टी सोडायची, किंवा व्हिडिओ मोठा करून पडदा भरायचा. या अ‍ॅपनं पडदा भरला. उंचीला भरायचं म्हटलं की रुंदी बाहेर सांडते. १९२० उंचीच्या चित्रातलं २०:९ च्या पडद्यावर फक्त ८६४ पिक्सेल रुंदीचं मावतं. उरलेले २१६ दोन्ही बाजूंनी निम्मेनिम्मे कापले जातात, म्हणजे प्रत्येकी १०८. आणि भाच्याची रेषा कुठे होती? बरोबर १०८ वर. त्यानं जिथे ‘नाही’ टेकवलं तीच काकूंच्या पडद्याची कड झाली, आणि कडेला बटणांचा मुक्काम असतो.

म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही. टीव्हीची संस्था बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर, भाचा बरोबर, फोन बरोबर, अ‍ॅप बरोबर. फक्त लोणच्यात व्हिनेगर पडलं.

मराठीचा यात एक वेगळा तोटा आहे, तोही सांगून टाकतो. आपण नकार वाक्याच्या शेवटी ठेवतो. इंग्रजी माणूस आधीच नको म्हणून मोकळा होतो; मग पुढचं झाकलं गेलं तरी बेत कळतो. आपल्याकडे ‘बरणीत ओला चमचा घालू नका’ यातलं ‘नका’ सगळ्यात उजवीकडे किंवा दुसऱ्या ओळीच्या टोकाला येतं, आणि तेच आधी बटणाखाली जातं. उरतं ते ‘बरणीत ओला चमचा घालू’. पाहणाऱ्याला वाटतं, हीच कृती आहे. सूचना देणाऱ्या रीलमध्ये म्हणून मी शेवटचा शब्द कधीच एकटा उजवीकडे जाऊ देत नाही. ओळ लवकर तोडतो आणि ‘घालू नका’ हे दोन शब्द एकत्र खालच्या ओळीत, डावीकडे किंवा मधोमध आणतो.

ओळी तोडल्या की त्या वाढतात, आणि वाढल्या की कुठे जातात हा पुढचा प्रश्न. बहुतेक एडिटिंग अ‍ॅपमधली मजकुराची पेटी वरून टांगलेली असते. एक ओळ असते तेव्हा ती सुखात असते. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’सारखा शब्द आला की दुसरी ओळ होते, मग तिसरी, आणि पेटी खाली खाली उतरत बटणांच्या राज्यात जाते. पेटी वरून टांगण्याऐवजी तळाशी खिळवून ठेवायची, म्हणजे ओळी वाढल्या तर वर वाढतात. हा खिळा मी वरून मोजून १२०० पिक्सेलवर ठोकतो. शिफारशीची रेषा साधारण १२५० ला येते. मधले पन्नास उकारांसाठी. देवनागरीत ओळीच्या खालीही माणसं राहतात. उकार आहेत, ऋकार आहेत, आणि वर वेलांट्या, मात्रा, रफार. इंग्रजीच्या मापानं दोन ओळींतलं अंतर ठेवलं, म्हणजे अक्षराच्या उंचीच्या सव्वापट वगैरे, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. दीडपट ठेवलं की दोघंही मोकळे होतात. त्याची किंमत म्हणजे, आधीच तोकड्या जागेत इंग्रजीच्या तीन ओळी बसतात तिथे आपल्या दोनच.

मी काकूंना सांगितलं, मजकूर वर घेऊ. बाजूंना ६५ ऐवजी दीडशे सोडू, म्हणजे उंच फोननं १०८ कापले तरी थोडा श्वास राहील. खालच्या निम्म्या भागात उजवीकडे त्याहून जास्त, दोनशेच्या पुढे, कारण तिथे कापलेली कडही आहे आणि वर बटणंही.

‘मग ते माझ्या तोंडावर येईल,’ काकू म्हणाल्या.

हा मुद्दा वाजवी होता. उरलेल्या त्या चौरसात मजकूर ठेवायचा हे ठरलं, पण काकूही त्याच चौरसात उभ्या होत्या. कुणालाही मध्यावर उभं करूनच शूटिंग करतात. म्हणजे एका खोलीत चेहरा, बरणी, शीर्षक आणि खालच्या ओळी असे चार भाडेकरू. एडिटिंगमध्ये हे भांडण मिटत नाही. ते शूटिंगच्या वेळीच मिटवावं लागतं.

म्हणून पुन्हा शूट केलं. फोन दोन पावलं मागे नेला. तळाचा तिसरा हिस्सा आणि वर थोडा, एवढा पट्टा स्वयंपाकाच्या ओट्याला दिला. ओटा अ‍ॅपनं झाकला तरी त्याला वाईट वाटत नाही. शीर्षक वरून २८० ते ४५० या पट्ट्यात. काकूंचा चेहरा ४५० च्या खाली. बरणी छातीशी न धरता खांद्याच्या उंचीला, चेहऱ्याशेजारी डावीकडे, कारण उजवी बाजू बटणांची. आणि खालच्या ओळी ९५० ते १२०० या पट्ट्यात, काकूंच्या साडीवर. साडी फुलाफुलांची होती, तिच्यावर अक्षरं वाचता येईनात. मग मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी टाकली. काकूंचं म्हणणं पडलं की पैठणी नेसून काय उपयोग झाला.

तीन ओळींची दोन रकान्यांची रांग मोडली. ‘व्हिनेगर नाही’ ही एक अखंड ओळ, मधोमध. ती गेली की पुढची. एका वेळी एकच. भाच्याला हे दरिद्री वाटलं. त्याचं बरोबर आहे, ते तसं दिसतंच. पण वाचता येतं.

तपासणी कशी करायची, हेही त्याला दाखवलं. त्याच अ‍ॅपवर आपलंच जुनं रील उघडायचं, पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, तो एडिटिंगमध्ये सगळ्यात वरच्या थरावर आणून व्हिडिओच्या मापावर बसवायचा आणि अर्धा पारदर्शक करायचा. आता भिंती दिसू लागतात. बदाम कुठे, नाव कुठे, गाण्याची पट्टी कुठपर्यंत. त्या बेतानं मजकूर लावायचा आणि निर्यात करण्याआधी तो थर बंद करायचा. स्क्रीनशॉट दोन फोनवरचे हवेत, एक जुना बुटका आणि एक नवा उंच. दोन्हीत जे मोकळं राहतं तेवढंच आपलं. भाच्यानं पुढच्या रीलला हे सगळं यथासांग केलं, फक्त थर बंद करायचा राहिला. त्यामुळे त्या रीलमध्ये बटणांचे दोन संच आहेत. बरेच लोक चुकीचा बदाम दाबून दमले.

हे सगळं एकदा शिकून संपलं असतं तर मी काही बोललो नसतो. टीव्हीची चौकट कित्येक दशकं एका जागी राहिली. तिच्यावर माणसं नोकरीला लागून निवृत्त झाली. इथे मात्र इन्स्टाग्रामनं जानेवारी २०२५ मध्ये खात्याच्या पानावरचे चौरस ठोकळे बदलून ते ३:४ असे उभे केले. चौरसाच्या मापानं कव्हरवर शीर्षकं बसवणाऱ्यांनी मुकाट्यानं पुन्हा मापं घेतली. आता पूर्ण उंचीच्या कव्हरमधले वरचे २४० आणि खालचे २४० पिक्सेल पानावर दिसत नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिपोस्टचं बटण आलं आणि ते त्याच उजव्या रांगेत शिरलं. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणारा निदान ‘जरा सरका’ म्हणतो.

दुसरं अ‍ॅप घेतलं तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. यूट्यूब शॉर्ट्सलाही उजवीकडे रांग आणि खाली वाहिनीचं नाव, शीर्षक, सदस्य व्हायचं बटण आहेच, पण उंची वेगळी, अंतरं वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला वरच्या कडेवर रेघा आणि नाव, खाली उत्तराची पेटी. एकच व्हिडिओ तिन्हीकडे टाकायचा असेल तर तिन्हींचे सगळे नखरे एकावर एक ठेवून जो तुकडा शिल्लक राहतो त्यात लिहायचं. तो तुकडा पाहिल्यावर माणूस आपोआप मितभाषी होतो.

काकूंचं नवं रील बरं चाललंय. ऑर्डरी येतात. पहिल्या आवृत्तीत ऑर्डरचा फोन नंबर लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनीत’सारखा अगदी तळाशी होता आणि त्याचे शेवटचे आकडे कुणालाच दिसत नव्हते. तो आता शीर्षकाखाली, काकूंच्या कपाळाच्या वर आहे. दहाही आकडे स्वच्छ दिसतात. भाच्याच्या जुन्या फोनवर दिसतात, काकूंच्या नव्या फोनवर दिसतात, मी स्वतः तपासलंय.

परवा काकूंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, ‘सगळं छान झालंय रे. फक्त खाली तो ओटा किती रिकामा दिसतो. तिथे मोठ्या अक्षरांत काहीतरी लिही ना.’